दहा हजारांचा हट्ट सोडताना

सिम्युलेशनच्या फेऱ्या किती घ्यायच्या, हा डोकं लावण्याचा विषयच नाही, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. मी नागपूरला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेशन्स रिसर्च शिकवतो. वर्गात कुणी विचारलं, "सर, फेऱ्या किती?", की माझं उत्तर तयार असायचं: दहा हजार. संगणक रात्रभर कुरकुर न करता राबतो, विजेचं बिल कॉलेज भरतं, मग काटकसर कशाला? फेऱ्या वाढल्या की चूक कमी होते, हे तर गणितच सांगतं. उत्तराच्या शेवटी ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल छापायचा. तो अरुंद दिसला की अहवालही भारदस्त दिसतो.

आता मी असं उत्तर देत नाही. दहा हजार हा आकडा चुकीचा आहे असं नव्हे, कधी तो कमीही पडतो. पण तो प्रश्न ऐकण्याआधीच दिलेला असतो आणि माझी अडचण तिथे आहे. मत बदललं ते हळूहळू. त्यातलं जे उदाहरण मला सगळ्यात स्वच्छ दिसतं, तेच इथे मांडतो.

कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गृहस्थाचा खासगी वजनकाटा आहे. तिकडे सगळे त्याला धरमकाटाच म्हणतात. आंबिया बहाराची संत्री सुरू झाली की पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. गाडी काट्यावर चढते, भरलेलं वजन होतं, पावती निघते, गाडी उतरते. एका गाडीला चारेक मिनिटं. मालकाला दुसरा काटा बसवायचा होता, पण खर्च मोठा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: रांगेत सरासरी वीस मिनिटांच्या वर थांबावं लागलं तर ड्रायव्हर पुढच्या काट्यावर जातात, वीसच्या आत असेल तर कुरकुरतात पण थांबतात. मी माझ्या सवयीनं अंतराल, प्रमाण विचलन वगैरे सुरू केलं, तर तो म्हणाला, "ते ९५ टक्के राहू द्या न जी. वीसच्या वर जाते का खाली, इतकंच सांगा."

मला आधी हा प्रश्न भाबडा वाटला. खरं तर फेऱ्या किती, याचं अर्धं उत्तर त्यातच होतं. त्याला मिनिटाच्या दशांशाशी देणंघेणं नव्हतं. वीसची रेघ कुठल्या बाजूला पडते एवढंच हवं होतं, आणि दोनेक मिनिटं इकडेतिकडे झाली तरी त्याचं चालत होतं. म्हणजे चालणारी चूक दोन मिनिटं. ही चूक ठरवणारा मी नव्हे, तो. मी इतकी वर्षं हे विचारतच नव्हतो.

काट्याचं सिम्युलेशन म्हणजे संगणकावर रचलेला एक दिवस. सकाळी काटा उघडतो, गाड्या यादृच्छिक अंतरानं येतात, पहाटे ते दहा दाट आणि नंतर विरळ. प्रत्येक गाडीला वजनासाठी कमीजास्त वेळ लागतो. संध्याकाळी त्या दिवसाची सरासरी प्रतीक्षा काढायची. ही झाली एक फेरी. दुसऱ्या फेरीत यादृच्छिक आकडे वेगळे, म्हणून दिवस वेगळा आणि सरासरीही वेगळी.

इथेच माझे विद्यार्थी हमखास घसरतात, म्हणून थोडं थांबतो. मी सुरुवातीला २० दिवस चालवले. दिवसाला साधारण १४० गाड्या, म्हणजे २८०० गाड्यांच्या प्रतीक्षा हाताशी आल्या. गाडीगणिक प्रमाण विचलन १८ मिनिटं. सूत्रात २८०० घातले की अंतराल येतो फक्त ±०.६७ मिनिटांचा. पाहून कुणालाही वाटेल, झालं काम! पण रांगेतल्या गाड्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. पुढची गाडी अर्धा तास थांबली असेल तर तिच्या मागचीही जवळपास तेवढीच थांबते. त्या दोघी मिळून दोन नव्या बातम्या देत नाहीत, एकच बातमी दोनदा देतात. स्वतंत्र असतो तो दिवस. म्हणून मोजायचे ते २० आकडे, प्रत्येक दिवसाची एक सरासरी. त्या वीस सरासऱ्यांची सरासरी आली २३.४ मिनिटं, प्रमाण विचलन ९.१. वीस निरीक्षणांसाठी टी कोष्टकातला आकडा २.०९. त्यावरून अंतराल येतो ±४.२६ मिनिटांचा, म्हणजे १९.१ ते २७.७. आधीच्या ०.६७ पेक्षा सहापटींहून जास्त रुंद, आणि वीसची रेघ नेमकी याच्या पोटात. वीस फेऱ्यांवरून मालकाला काहीच सांगता येत नव्हतं. पण गाड्या मोजून सांगितलं असतं तर मी बेधडक "वर जाते" म्हणालो असतो, आणि पुढे कधी ते चुकलं असतं तर कुठे चुकलं हे मला कळलंही नसतं.

आता पुढचं पाऊल. फेऱ्यांची संख्या चार गोष्टींवर ठरते: दिवसादिवसांत किती फरक पडतो, आपल्याला किती चूक चालते, खात्री किती हवी आणि तो फरक आपल्याला किती नीट माहीत आहे. शेवटची गोष्ट बहुतेक पुस्तकं घाईत ओलांडून जातात. दिवसादिवसांतला फरक आधी माहीत नसतो, तो थोड्या फेऱ्या करून अंदाजायचा असतो. थोड्या फेऱ्यांवरचा अंदाज कच्चा असतो, म्हणून सामान्य वितरणाच्या १.९६ ऐवजी टी कोष्टकातला मोठा आकडा घ्यायचा. ही दोन टप्प्यांची पद्धत चार्ल्स स्टाइननं १९४५ मध्ये मांडली. आधीच्या छोट्या नमुन्यावरून फरकाचा अंदाज घ्या, त्यावरून एकूण संख्या काढा, उरलेल्या फेऱ्या पूर्ण करा आणि सरासरी सगळ्या फेऱ्यांची घ्या. पण अंतरालाची रुंदी पहिल्या टप्प्यातल्या फरकावरच बांधा. हिशेब एवढासाच:

```python
import math
from scipy import stats
s, k, d = 9.1, 20, 2.0
t = stats.t.ppf(0.975, k - 1)
n = max(k, math.ceil((t * s / d) ** 2))
print(n)   # 91
```

उत्तर ९१. म्हणजे आणखी ७१ फेऱ्या. त्या केल्यावर सगळ्या मिळून सरासरी आली २२.७, अंतराल २०.७ ते २४.७. वीसची रेघ बाहेर राहिली. मालकाला एका वाक्यात उत्तर मिळालं.

चालणारी चूक अर्धी केली की फेऱ्या चौपट होतात, हे सगळे शिकवतात, मीही शिकवायचो. पण दोन मिनिटांना ९१, एका मिनिटाला ३६३, अर्ध्या मिनिटाला १४५२ असे आकडे शेजारी लिहिल्यावर मला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं: अर्धं मिनिट हवंय कुणाला?

दोन टप्प्यांची ही कल्पना आपल्या मातीतल्या माणसालाही दहा वर्षं आधी खुणावत होती, हे मला फार उशिरा कळलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. लंडनमध्ये त्यांनी जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली काम केलं. हेच ते नेमन, ज्यांच्या नावावर विश्वास अंतरालाचा सिद्धांत आहे. नेमननी १९३४ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या गटांतून नमुने घ्यायचे असतील तर ज्या गटात फरक जास्त, तिथून जास्त नमुने घ्यावेत. पण फरक आधी कुणाला माहीत असतो? सुखात्म्यांच्या १९३५ च्या निबंधात नेमका हाच पेच आहे: छोट्या प्राथमिक नमुन्यावरून फरकाचा अंदाज घेतला आणि त्यावर वाटणी केली, तर काय निभावतं? माझ्या काट्याच्या वीस फेऱ्या म्हणजे तोच प्राथमिक नमुना. हा निबंध वाचला नसता तरी माझं काम अडलं नसतं, हे कबूल. पण त्यानंतर प्राथमिक फेऱ्या मला 'तालीम' वाटेनाशा झाल्या. त्यांच्याशिवाय संख्या ठरवता येते हा माझा जुना समज खरा नव्हता. मी फक्त अंदाज करत होतो.

वर्गात यावर एक शंका दरवर्षी येते, आणि ती रास्त आहे. प्राथमिक फेऱ्या, सूत्र, एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक फेरीनंतर अंतराल पाहत जाऊ, तो दोन मिनिटांच्या आत आला की थांबू. मलाही हा मार्ग फार काळ पसंत होता. अडचण अशी की अंतरालाची रुंदी हीसुद्धा यादृच्छिक असते. सुरुवातीच्या फेऱ्यांत योगायोगानं सारखेसारखे दिवस आले तर फरक खोटाच लहान दिसतो, अंतराल आक्रसतो आणि आपण तिथेच थांबतो. मोठा फरक दिसला असता तर चालत राहिलो असतो. म्हणजे थांबायचा क्षण निवडताना नेमके खोटे लहान फरक आपल्याकडून उचलले जातात, आणि ९५ टक्के लिहिलेल्या अंतरालाची खरी खात्री त्याहून कमी पडते. चालणारी चूक फार लहान ठेवली आणि संख्या खूप वाढली की हा दोष विरून जातो. चाउ आणि रॉबिन्स यांनी १९६५ मध्ये ते सिद्ध केलं आहे. पण दहा-वीस फेऱ्यांपासून पाहायला लागलं की दोष उरतो. पाहत राहायचंच असेल तर निदान चाळीस-पन्नास फेऱ्या होईपर्यंत पडद्याकडे पाहू नये, असं मी आता सांगतो.

पाहून थांबण्याचं सगळ्यात देखणं उदाहरण १९०१ मधलं आहे. बुफोंची सुई तुम्हाला आठवत असेल. समांतर रेघा आखलेल्या कागदावर सुई टाकायची आणि ती रेघेला किती वेळा छेदते यावरून पायची किंमत काढायची. इटलीच्या मारिओ लाझारिनीनं अडीच सेंटिमीटर लांबीची सुई आणि तीन सेंटिमीटरवर रेघा घेऊन ३४०८ वेळा सुई टाकल्याचं जाहीर केलं. १८०८ वेळा छेद. सूत्रात घाला, पाय येतो ३५५ भागिले ११३, म्हणजे ३.१४१५९२९. दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत अचूक! आता आपला हिशेब लावू. ३४०८ वेळा सुई टाकली तर ९५ टक्के खात्रीनं मिळणारी अचूकता साधारण ०.१ इतकीच. म्हणजे कुणाला ३.०८ मिळेल, कुणाला ३.२. लाझारिनीला मिळाली तितकी जवळीक प्रामाणिकपणे हवी असेल तर सुई चारशे लाख कोटींहून जास्त वेळा टाकावी लागेल. मग ३४०८ मध्ये ती कशी आली? ३४०८ म्हणजे २१३ ची सोळा पट आणि १८०८ म्हणजे ११३ ची सोळा पट. या सुईसाठी २१३ वेळांत ११३ छेद आले की ३५५ भागिले ११३ आपोआप येतं. दर २१३ फेकींनंतर मोजायचं, जमलं तर थांबायचं, नाही तर पुढे चालायचं. त्यानं तसंच केलं की आकडेच बसवले, याची चर्चा पुढे गणितज्ञांनी भरपूर केली. मला मात्र एवढं पुरेसं आहे: उत्तर त्याच्या अंतरालापेक्षा लाखो पटींनी चांगलं आलं, तर उत्तराचं कौतुक करण्याआधी थांबायचा नियम विचारावा.

धरमकाट्याकडे परत येतो, कारण मालकाचा आणखी एक प्रश्न होता आणि त्यानं माझं नवं मतही जरा हललं. रांग पंचवीस गाड्यांच्या पुढे गेली की ती मोठ्या रस्त्यावर उतरते आणि वाहतूक पोलीस येतात. असं किती दिवशी होईल? पहिल्या वीस फेऱ्यांत एकदाही झालं नव्हतं. नेहमीच्या सूत्रानं शक्यता शून्य आणि अंतरालही शून्य रुंदीचा, म्हणजे संपूर्ण खात्री! हे उघडच हास्यास्पद आहे. वीस दिवसांत घटना न दिसल्यावर म्हणता येतं ते इतकंच की तिची शक्यता बहुधा १४ टक्क्यांच्या आत आहे. यासाठी तीनचा ठोकताळा हाताशी ठेवावा: फेऱ्यांत घटना एकदाही दिसली नाही, तर तिच्या शक्यतेची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण तीन भागिले फेऱ्या. एक टक्क्याच्या आत आहे असं म्हणायचं तर घटनेविना तीनशे फेऱ्या जायला हव्यात.

९१ फेऱ्यांत दोनदा रांग रस्त्यावर उतरली. दोन टक्के, पण अचूक पद्धतीनं काढलेला अंतराल पाव टक्क्यापासून पावणेआठ टक्क्यांपर्यंत ताणलेला. सरासरीसाठी ज्या ९१ फेऱ्या अगदी नेमक्या होत्या, त्या याच दिवसांच्या दुसऱ्या प्रश्नाला अजिबात पुरत नव्हत्या. शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास असेल आणि एक टक्का इकडेतिकडे चालत असेल तर ७५० च्या वर फेऱ्या लागतात. अर्धा टक्का हवा असेल तर तीन हजार. दुर्मिळ घटनेचा प्रश्न आला की माझा जुना हट्ट इतका वेडगळ ठरत नाही.

नागपूरकरांना हे पटायला वेळ लागणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रकल्पांत तलाव भरून वाहण्याची शक्यता काढण्याची लाटच आली. वर्षाला एक टक्का शक्यता असलेली घटना घ्या. हजार वर्षं संगणकावर चालवली तर ती साधारण दहा वेळा दिसेल. अंतराल ०.४ ते १.६ टक्के. एका टोकाला अडीचशे वर्षांत एकदा, दुसऱ्या टोकाला साठेक वर्षांत एकदा. या दोन उत्तरांवर बांधायचे सांडवे एकसारखे नसतात. तीच शक्यता दहा टक्क्यांच्या सापेक्ष चुकीत हवी असेल तर ३८ हजार फेऱ्या लागतात, आणि घटना दहापट दुर्मिळ झाली की फेऱ्याही जवळजवळ दहापट. अशा ठिकाणी नुसत्या फेऱ्या वाढवत बसण्यापेक्षा दुर्मिळ घटना मुद्दाम जास्त वेळा घडवून नंतर वजन लावून दुरुस्त करण्याच्या पद्धती असतात, पण तो वेगळा धडा आहे.

राहिला जुना युक्तिवाद: संगणक फुकट आहे, मग सगळीकडे दहा हजार का नकोत? काट्यासाठी ते करून पाहिलं तर अंतराल येतो ±०.१८ मिनिटांचा, म्हणजे अकरा सेकंद. अहवालात छापायला फार छान. पण त्या मॉडेलच्या पोटात काय आहे? वजनाला लागणारा वेळ मी घड्याळ लावून साठ गाड्यांवर मोजला होता. सरासरी चार मिनिटं, प्रमाण विचलन दीड. म्हणजे खुद्द ती चार मिनिटं ३.६ ते ४.४ यांत कुठेही असू शकतात. चारऐवजी ४.२ घालून पाहिलं तर सरासरी प्रतीक्षा चारेक मिनिटांनी वाढली. गर्दीच्या वेळी काटा जवळजवळ पूर्ण भरलेला असतो, त्यामुळे बारा सेकंदांचा फरक मागच्या प्रत्येक गाडीवर साचत जातो. अकरा सेकंदांचा अंतराल या चार मिनिटांबद्दल चकार शब्द काढत नाही. तो फक्त इतकंच सांगतो की वजनाला खरोखर चारच मिनिटं लागत असतील, तर सरासरी काय.

इथे पुन्हा सुखात्मेच आठवतात. पीक कापणी प्रयोग आपल्याकडे शेतकऱ्यालाही माहीत आहेत, पैसेवारी आणि पीकविम्यात त्यांचा आधार घेतला जातो. चाळीसच्या दशकात सुखात्मे कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी दाखवलं की कापणीसाठी निवडलेला तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं, कारण कडेवरची झाडं तुकड्यात ओढून घेतली जातात आणि लहान तुकड्याला कडाच जास्त असते. असे लहान तुकडे स्वस्त पडतात, म्हणून कितीही घेता येतात. पण हजारो घेतले तरी फुगवटा तसाच राहतो. अंतराल मात्र अरुंद होत जातो, चुकीच्या आकड्याभोवती. अंतराल फेऱ्याफेऱ्यांतला फरक मोजतो, तुकड्याच्या कडा मोजणं त्याच्या अखत्यारीत नाही.

म्हणून फेऱ्या वाढवायच्या ऐवजी मी घड्याळ घेऊन पुन्हा काट्यावर गेलो. साठच्या जागी एकूण २४० गाड्या मोजल्या की वजनाच्या वेळेतली अनिश्चितता निम्मी होते. चौपटीचा तोच नियम, फक्त या वेळी संगणकाबाहेर, धुळीत उभं राहून. सरासरी निघाली ४.१ मिनिटं. प्रतीक्षा वीसच्या वरच राहिली, जरा जास्तच वर.

मालकानं दुसरा काटा बसवला नाही. त्याचा हिशेब वेगळा होता. त्यानं विचारलं, सकाळी तासभर आधी उघडलं तर? मी आधीचे ९१ तसेच वापरले नाहीत. नव्या वेळापत्रकाच्या वीस फेऱ्या केल्या. लवकर उघडल्यामुळे पहाटेची रांग साचत नव्हती आणि दिवसादिवसांतला फरकही ५.२ वर आला होता. दोन मिनिटांच्या चुकीसाठी सूत्रानं तीस फेऱ्या सांगितल्या. दहा बाकी होत्या. त्या केल्या आणि संगणक बंद केला.